सकाळी किती, संध्याकाळी किती?

परगावी राहणाऱ्या मुलामुलींच्या फोनवर आईवडिलांच्या बीपीचा स्क्रीनशॉट येणं ही आता घरोघरची गोष्ट झाली आहे. मशीनवर दिसलेले आकडे अ‍ॅपमध्ये भरायचे, आठवडा झाला की पडद्याचा फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा. त्या पडद्यावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत एक सरासरी असते, आणि चर्चा होते ती तिच्यावरच. ‘आईचा बीपी १३९ आहे, गोळी वाढवायची का?’ खालच्या ओळी कोणी वाचत नाही. खरं तर गोळीबद्दल डॉक्टरांनी ठरवावं असं जे काही आहे, ते त्या खालच्या ओळींतच असतं.

असा एक नमुन्याचा स्क्रीनशॉट घेऊन तो नीट वाचून पाहू. बासष्ट वर्षांच्या एक काकू. बीपीची एकच गोळी, रोज सकाळी नाश्त्यानंतर. डॉक्टरांनी सांगितलं, ‘आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि मला दाखवा.’ काकूंनी सोमवारी सुरुवात केली. सकाळी सातच्या सुमारास गोळीच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या सुमारास जेवणाच्या आधी असं त्यांनी रविवारपर्यंत मोजलं. अ‍ॅपमध्ये एकूण सोळा नोंदी झाल्या आणि वर लिहून आलं: `Avg 139/84`.

| वार | सकाळ | संध्याकाळ |
|---|---|---|
| सोमवार | १५३/९२ | १४३/८६ |
| मंगळवार | १३७/८४ | १२७/७७ |
| बुधवार | १४३/८७ | १२६/७६ |
| गुरुवार | १४६/८८ | १३८/८४ |
| शुक्रवार | १४४/८७ | १२५/७७ |
| शनिवार | १५९/९५, १५०/९०, १४१/८५ | १३०/७८ |
| रविवार | १३२/८० | १२८/७६ |

आधी मर्यादेचं बोलू, कारण अर्धा गोंधळ तिथेच असतो. बीपी म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात १४०/९० पक्कं बसलेलं असतं. ती मर्यादा दवाखान्यात मोजलेल्या बीपीची आहे. घरी मोजताना मर्यादा १३५/८५ धरतात. दवाखान्यात गेल्यावर पुष्कळांचा बीपी थोडा वर जातो आणि घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरची रेघ पाच-पाच अंकांनी खाली आहे. युरोपातल्या, ब्रिटनच्या आणि आंतरराष्ट्रीय हायपरटेन्शन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हाच आकडा आहे. तो अंदाजाने काढलेला नाही. जपानमधल्या ओहासामा या गावात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लोकांचा बीपी त्यांच्याच घरी मोजला गेला आणि त्यांच्या प्रकृतीवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. पुढच्या धोक्याचा अंदाज दवाखान्यातल्या बीपीपेक्षा घरच्या बीपीवरून जास्त चांगला येतो, हे तिथे दिसलं. अशा अभ्यासांतून घरची मर्यादा ठरत गेली.

अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० ही रेघ वापरतात, आणि फोनवरची बरीच अ‍ॅप तिकडच्या हिशोबाने रंग दाखवतात. त्यामुळे काकूंचा शनिवार संध्याकाळचा १३०/७८ त्यांच्या पडद्यावर केशरी दिसतो, आणि १३५/८५ च्या हिशोबाने तोच मर्यादेच्या आत असतो. तेव्हा स्क्रीनशॉटमधले रंग मोजू नयेत, आकडे मोजावेत. ऐंशीच्या पुढचं वय, मधुमेह, किडनीचा आजार अशा वेळी डॉक्टर वेगळी मर्यादा सांगू शकतात. त्यांनी सांगितलेली असेल तर तीच धरायची.

आता नोंदी. सरासरी काढण्याआधी दोन कामं करावी लागतात आणि दोन्ही अ‍ॅप करत नाही.

पहिलं काम म्हणजे पहिला दिवस वगळणं. सोमवारचे १५३/९२ आणि १४३/८६ हे दोन्ही आकडे काढून टाकायचे. ही काकूंना दिलेली सवलत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या आणि युरोपच्या सूचनांमध्येच ते लिहिलेलं आहे. पहिल्या दिवशी मशीन नवं असतं, पट्टा नीट बसलाय की नाही याची धाकधूक असते, किती येईल याची काळजी असते, आणि आकडा बहुधा चढा येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात सरावतो. म्हणून पहिला दिवस सोडून उरलेल्या दिवसांची सरासरी धरतात. सात दिवस मोजलं तर सहा दिवस हाती राहतात.

दुसरं काम शनिवारचं. त्या सकाळी तीन नोंदी आहेत आणि त्यांच्या वेळा पाहिल्या तर ७:०४, ७:०६ आणि ७:०८. काय झालं असेल ते कळतं. पहिला आकडा १५९ आला, काकू दचकल्या, पुन्हा मोजला, मग तिसऱ्यांदा मोजला. यात त्यांचं काही चुकलं नाही. उलट एका बैठकीत मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावं हीच शिफारस आहे. पण अ‍ॅपने या तिन्ही नोंदी स्वतंत्र धरल्या. म्हणजे शनिवारच्या सकाळला तीन मतं मिळाली आणि रविवारच्या सकाळला एक. ज्या दिवशी बीपी जास्त त्या दिवशीच माणूस पुन्हा पुन्हा मोजतो, कमी आला की समाधानाने मशीन डब्यात ठेवतो. त्यामुळे अशा नोंदींची सरासरी नेहमी वरच्या बाजूला ओढली जाते.

यातून मार्ग सरळ आहे: एका बैठकीचा एकच आकडा. १५९, १५० आणि १४१ यांची बेरीज ४५०, भागिले तीन, म्हणजे १५०. खालच्या बीपीचे ९५, ९० आणि ८५ मिळून २७०, म्हणजे ९०. शनिवार सकाळ १५०/९० अशी एकच ओळ धरायची. तिघांतला सगळ्यात कमी आकडा ठेवून बाकीचे पुसणं हा मोह घरोघरी होतो. मुलांना काळजी नको म्हणून आईवडील तो १४१ तेवढा पाठवतात. नोंद ठेवायची तर जे आलं ते सगळं ठेवायचं, नाहीतर आठवडाभराची मेहनत वाया जाते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. एखादा आकडा १८०/१२० किंवा त्याच्या वर गेला तर सरासरीचा प्रश्नच उरत नाही. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, नजर अंधुक होणं यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजण्यातही वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं. ही लक्षणं नसतील आणि पुन्हा मोजल्यावरही आकडा तेवढाच राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

आता हिशोब. सहा सकाळी आणि सहा संध्याकाळी अशा बारा बैठका उरल्या. तीन आकडी संख्यांच्या बेरजा फोनवर करताना एखादा आकडा हमखास सुटतो. त्यापेक्षा सोपी रीत म्हणजे प्रत्येक आकडा १३५ च्या किती वर किंवा किती खाली आहे एवढंच लिहायचं.

सकाळचा वरचा बीपी घेऊ. मंगळवार २ वर, बुधवार ८ वर, गुरुवार ११ वर, शुक्रवार ९ वर, शनिवार १५ वर, रविवार ३ खाली. वरचे मिळून ४५, त्यातून ३ वजा केले की ४२. भागिले सहा, म्हणजे ७. सकाळची सरासरी १३५ अधिक ७, म्हणजे १४२. संध्याकाळी ८ खाली, ९ खाली, ३ वर, १० खाली, ५ खाली, ७ खाली. हिशोब उणे ३६ वर येतो, भागिले सहा म्हणजे उणे ६. संध्याकाळची सरासरी १२९. खालच्या बीपीसाठी हेच ८५ पासून मोजायचं. सकाळी ८६ आणि संध्याकाळी ७८ येतात.

म्हणजे सकाळी १४२/८६ आणि संध्याकाळी १२९/७८.

या रीतीचा दुसरा फायदा असा की मर्यादेच्या वर किती नोंदी गेल्या तेही त्याच ओळीत दिसतं. सकाळच्या सहापैकी पाच वर, संध्याकाळच्या सहापैकी एक वर. मोजताना दोन नियम पाळायचे. वरचा किंवा खालचा, दोन्हींपैकी एक जरी मर्यादेला पोचला तरी ती नोंद ‘वर’ धरायची. काकूंच्या मंगळवारच्या सकाळी खालचा ८४ आहे, पण वरचा १३७ आहे, म्हणून ती वर. आणि बरोबर १३५ किंवा बरोबर ८५ आला तर तोही वरच धरायचा, कारण ‘१३५/८५ आणि त्यापुढे’ अशीच व्याख्या आहे.

मुद्दा नीट दिसावा म्हणून अ‍ॅपचा हिशोब शेजारी ठेवू. अ‍ॅपने सोमवार धरला, शनिवारच्या तीन नोंदी वेगळ्या धरल्या आणि सरासरी १३९/८४ दाखवली. तसंच मोजलं तर सोळापैकी दहा नोंदी मर्यादेच्या वर. आपण स्वच्छ करून घेतलेल्या हिशोबात बारापैकी सहा वर आहेत, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून सरासरी १३५.५/८२, म्हणजे जवळजवळ रेघेवरच. आकडे त्याच बाईंचे आणि त्याच आठवड्याचे, पण एका हिशोबात गोळी वाढवावी असं वाटतं आणि दुसऱ्यात ‘थांबून बघू’ असं.

तरीही माझ्या मते तो १३५.५ हा या नोंदीतला सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. काकूंचा बीपी त्याच्या आसपास क्वचितच असतो. सकाळी तो बराच वर असतो, संध्याकाळी बराच खाली. दोन्ही मिसळले की चढ आणि उतार एकमेकांना झाकून टाकतात. निदान पक्कं करताना सगळ्या नोंदींची एकत्र सरासरी धरतात हे खरं, आणि तिचं तिथे काम आहे. पण ज्याची गोळी आधीच चालू आहे त्याच्या बाबतीत सकाळ आणि संध्याकाळ वेगळी मांडलीच पाहिजे.

याचं कारण गोळीच्या वेळेत आहे. काकू गोळी घेतात सकाळी नाश्त्यानंतर, साधारण साडेआठला, आणि बीपी मोजतात सातला, म्हणजे आदल्या दिवशीची गोळी घेऊन साडेबावीस तास झाल्यावर. गोळीचा जोर ओसरण्याची हीच वेळ. शिवाय पहाटेपासून उठेपर्यंत शरीर स्वतःच बीपी वर नेत असतं. संध्याकाळी सातला मात्र गोळी घेऊन साडेदहा तास झालेले असतात आणि तिचा अंमल चालू असतो. म्हणून १४२ आणि १२९ मधलं हे तेरा अंकांचं अंतर डॉक्टरांना थेट प्रश्न सुचवतं: गोळी चोवीस तास पुरतेय का? औषध बदलायचं, मात्रा बदलायची की दुसरं जोडायचं, हा निर्णय त्यांचा. रात्रीचं घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं, दारू, सकाळी लघवी तुंबलेली असताना घाईने मोजणं, यांमुळेही सकाळचा आकडा चढतो. तेव्हा डॉक्टर तेही विचारतील.

‘मग गोळी रात्री घेऊ का?’ हा प्रश्न घरात लगेच निघतो. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांवर हेच तपासलं गेलं. ‘टाइम’ नावाच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सकाळी गोळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे, दोन्ही गटांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि त्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सारखंच निघालं. म्हणजे नुसती वेळ हलवून जीवाचा धोका टळतो असं नाही. काहींच्या बाबतीत डॉक्टर वेळ बदलतातही, पण ते त्यांनीच सांगावं. गोळी घरच्या घरी पुढे-मागे करत राहिलं तर पुढच्या आठवड्याच्या नोंदी वाचणंच अशक्य होतं.

आता त्या ‘बारापैकी सहा’चा अर्थ काय? बीपी दिवसभर हलता असतो, त्यामुळे चांगल्या ताब्यात असलेल्या माणसाच्याही एखाद-दोन नोंदी रेघ ओलांडतात. सरासरी १२८-१२९ असताना आठवड्यात एखादी नोंद १३८ येणं यात घाबरण्यासारखं काही नाही. काकूंची गुरुवारची संध्याकाळ अशीच आहे. मग किती नोंदी वर गेल्या म्हणजे जास्त? ऑस्ट्रेलियातल्या जेम्स शरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यावर एक सोपी कसोटी मांडली. घरच्या शेवटच्या दहा नोंदी घ्यायच्या आणि त्यात वरचा बीपी १३५ किंवा जास्त असलेल्या किती ते मोजायचं. तीन किंवा त्याहून जास्त असतील तर बीपी ताब्यात नसण्याची शक्यता बरीच आहे. डॉक्टरांसमोर दोन मिनिटांत उरकावं म्हणून ही कसोटी काढली होती. काकूंच्या शेवटच्या दहा बैठका म्हणजे बुधवार ते रविवार, आणि त्यात पाच वर आहेत. सरासरी रेघेवर घुटमळत असली तरी ही मोजणी स्पष्ट बोलते.

पण मोजणीचीही एक मर्यादा आहे. तिच्या लेखी १३६ आणि १७० सारखेच, दोन्ही एकेक नोंद. दहापैकी चार नोंदी १३६-१३७ असणारा माणूस आणि दहापैकी चार १६५ च्या पुढे असणारा माणूस एकाच रांगेत बसतात. म्हणून मोजणी एकटी सांगायची नाही, सरासरीच्या जोडीने सांगायची. सरासरी सांगते रेघेपासून किती दूर, मोजणी सांगते किती वेळा.

स्क्रीनशॉट हाती आला की आकड्यांच्या आधी काही गोष्टी बारकाईने पाहाव्यात. अ‍ॅपमध्ये नवी नोंद वर असते आणि पडद्यात मावतील तेवढ्याच ओळी येतात. आठवडा म्हणून जे दिसतं ते कित्येकदा शेवटचे तीन-चार दिवसच असतात, बाकीच्या ओळी खाली कापल्या गेलेल्या असतात. दुसरा स्क्रीनशॉट मागवावा, आणि दोन्हींत आलेली ओळ दोनदा मोजू नये. मशीन ब्लूटूथने जोडलेलं असेल आणि त्याचं घड्याळ लावलेलं नसेल तर सकाळच्या नोंदी रात्रीच्या वेळेवर जाऊन बसतात. रात्री अडीचला मोजलेला बीपी दिसला की आधी घड्याळावर शंका घ्यावी.

आकड्यांचे शेवटचे अंक पाहावेत. सगळेच १४०, १३०, १५० असे शून्यावर संपत असतील तर कोणीतरी आठवणीने किंवा अंदाजाने भरलंय. मशीनचे आकडे असे सरळ नसतात, ते काकूंच्या नोंदींसारखे १३७, १४६, १२५ असे येतात. नाडीचा आकडाही वाचावा. रोज ७२-७६ असणारी नाडी एका नोंदीत ९८ असेल तर जिना चढून आल्या आल्या मोजलेलं असण्याची शक्यता मोठी. ती ओळ पुसायची नाही, तिच्यापुढे शेरा लिहायचा. आणि ठोके अनियमित असल्याची खूण मशीन वारंवार दाखवत असेल तर सरासरी बाजूला ठेवून ते आधी डॉक्टरांना सांगायचं. हे मशीन पट्ट्यातल्या हवेची थरथर ओळखून बीपीचा हिशोब करतं. ठोक्यांची लय बिघडलेली असली की एकेका नोंदीवरचा भरवसा कमी होतो.

जे स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही ते फोनवर विचारून घ्यावं लागतं. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा सतत चढाच येतो, आणि अशा नोंदींची कितीही काळजीपूर्वक सरासरी काढली तरी ती चढीच निघते. पट्टा उघड्या दंडावर हवा, दंड छातीच्या उंचीला टेकलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसलेलं, अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. व्हिडिओ कॉल चालू ठेवून मुलांशी बोलत बीपी मोजणाऱ्या आईवडिलांचा आकडा त्या बोलण्यानेच वर गेलेला असू शकतो.

मग डॉक्टरांना पाठवायचं काय? सोळा ओळींचे तीन फोटो पाठवले तर ओपीडीच्या गर्दीत तेही वरचा `Avg` वाचून पुढे जातील. त्याऐवजी चार ओळी लिहाव्यात आणि स्क्रीनशॉट पुराव्यादाखल खाली जोडावेत. काकूंसाठी त्या अशा होतील:

‘सहा दिवस, पहिला दिवस वगळून. सकाळी गोळीच्या आधी सरासरी १४२/८६, सहापैकी पाच वेळा १३५/८५ च्या वर. संध्याकाळी जेवणाआधी सरासरी १२९/७८, सहापैकी एकदा वर. सर्वांत जास्त शनिवारी सकाळी १५९/९५, चार मिनिटांत १४१/८५ पर्यंत उतरला. गोळी रोज सकाळी साडेआठला, एकही चुकलेली नाही.’

औषधात बदल झाला तर लगेच दुसऱ्या दिवशीपासून नवी सरासरी काढून उपयोग नाही. बहुतेक गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा सात दिवस त्याच वेळांना, त्याच हातावर, त्याच मशीनने मोजायचं आणि सकाळची सरासरी सकाळच्या शेजारी, संध्याकाळची संध्याकाळच्या शेजारी मांडायची. त्या वेळी संध्याकाळच्या रांगेवर विशेष लक्ष हवं. सकाळचा १४२ खाली आणण्यासाठी दिलेलं औषध संध्याकाळच्या १२९ लाही खाली ओढणार. संध्याकाळी ११० च्या आसपास आकडे दिसू लागले आणि काकूंना उठताना अंधारी येऊ लागली, तर सकाळचे आकडे सुधारलेले असले तरी ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचं.